कंपनीने गट आरोग्य विम्याची विमा कंपनी बदलली, तर आधी मोजून झालेला प्रतीक्षाकाळ नव्या कंपनीत धरला जातो का?

पीथमपूर_अकाउंट्स

नमस्कार मंडळी. मी पीथमपूरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात लेखा विभागात काम करतो. आमचे बेचाळीस कर्मचारी आहेत आणि कुटुंबीय धरून विम्याच्या यादीत सुमारे दीडशे माणसे आहेत. गट आरोग्य विमा १ ऑक्टोबर २०२३ पासून एकाच विमा कंपनीकडे आहे आणि ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपते. यंदा त्या कंपनीने हप्ता बराच वाढवून मागितला, म्हणून मालकांनी ब्रोकरकडून दुसऱ्या कंपनीचे कोटेशन मागवले. त्यात हप्ता कमी असून विम्याची रक्कमही प्रत्येक कुटुंबामागे तीन लाखांवरून पाच लाखांवर गेली आहे. त्यामुळे कार्यालयात सगळे खूश आहेत. माझी शंका मात्र वेगळी आहे.

आमचा गट लहान असल्यामुळे जुन्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिने आणि मोतीबिंदू, हर्निया, सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठी २४ महिने प्रतीक्षाकाळ ठेवलेला आहे. नव्या कोटेशनमध्येही हेच आकडे आहेत. माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे रोपण करायला डॉक्टरांनी सांगितले आहे आणि रुग्णालयाने खर्चाचा अंदाज दोन लाख चाळीस हजार दिला आहे. आई १ ऑक्टोबर २०२३ पासून यादीत आहे. जुनी कंपनी राहिली असती तर २४ महिने पूर्ण झाले म्हणून ऑक्टोबरनंतर शस्त्रक्रिया करता आली असती, असा माझा समज आहे. आता नवी कंपनी पुन्हा शून्यापासून मोजणार का? ब्रोकर फोनवर 'सातत्य मिळेल, काळजी करू नका' एवढेच म्हणतो.

विजयनगर_स्टार्टअप

उगाच घाबरताय दादा. कंपनीच्या गट विम्यात वेटिंग नसतेच. आमच्याकडे रुजू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते, आणि दावा एक प्रश्न न विचारता मंजूर झाला. गट विम्यात पहिल्या दिवसापासून सगळे मिळते, म्हणूनच तर लोक नोकरीतला विमा सोडत नाहीत.

सुदामानगर_काका

विजयनगरकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो तुमच्या कंपनीच्या करारामुळे आलेला अनुभव आहे. मोठ्या गटांत मालक जास्त हप्ता मोजून तीस दिवसांची, ठरावीक आजारांची आणि आधीपासूनच्या आजारांची अशा तिन्ही अटी काढून घेतो. बेचाळीस कर्मचाऱ्यांच्या गटात, त्यातही आईवडील यादीत असताना, विमा कंपनी त्या सवलतीचे पैसे मागते आणि मालक बहुधा नको म्हणतो. धागाकर्त्याने स्वतःच्या पॉलिसीतले आकडे वाचून सांगितले आहेत, तेव्हा त्यांच्याकडे प्रतीक्षाकाळ आहे हे धरूनच पुढे बोलू.

मी बावीस वर्षे एका टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेत, दावे तपासण्याचे काम केले. आधी एक प्रश्न विचारतो, कारण सगळे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आईंच्या गुडघ्याचे दुखणे कागदोपत्री कधीपासून आहे? एक्स-रे, अस्थितज्ज्ञांची चिठ्ठी, फिजिओथेरपीची पावती, काहीही असो, सर्वांत जुना कागद कोणत्या तारखेचा आहे?

पीथमपूर_अकाउंट्स

काका, जून २०२२ चा एक एक्स-रे आहे आणि त्याच दिवशीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी गुडघ्याची झीज असल्याचे लिहून गोळ्या दिल्या आहेत. त्यानंतर थेट यंदाच दाखवले.

पलासिया_एजंट

मी वैयक्तिक पॉलिसींचे काम करतो. विमा नियामकाने पोर्टेबिलिटीचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे तुमच्या आईंनी मुदत संपण्यापूर्वी पोर्टेबिलिटीचा अर्ज भरला की जुनी दोन वर्षे नव्या कंपनीला मान्य करावीच लागतील. जुन्या कंपनीने माहिती बहात्तर तासांत द्यायची आणि नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय कळवायचा, असे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. मालकाने काय लिहून घेतले, याच्याशी या हक्काचा संबंध नाही.

सुदामानगर_काका

एजंटसाहेब, परिपत्रकाचे तुमचे वाचन बरोबर आहे, पण ते या प्रसंगाला तसेच्या तसे लागू पडत नाही. पोर्टेबिलिटीचा अर्ज पॉलिसीधारक करतो, आणि गट विम्यात पॉलिसीधारक हा मालक असतो. कर्मचारी आणि त्याची आई हे त्या पॉलिसीतले सदस्य असतात. इथे आई स्वतःची पॉलिसी हलवत नाहीत, तर मालक एक करार संपवून दुसऱ्या कंपनीशी दुसरा करार करतो आहे. त्यामुळे जुनी दोन वर्षे मोजली जातील की नाही, हे मुख्यतः त्या नव्या कराराच्या शब्दांवर ठरते. म्हणूनच ब्रोकरच्या फोनवरच्या 'सातत्य मिळेल' या वाक्याला दाव्याच्या दिवशी काहीही किंमत नसते. कोटेशन म्हणजे पॉलिसी नव्हे, आणि फोन तर कोटेशनही नव्हे.

आता आईंचा हिशेब मांडतो. सांधेरोपण हे २४ महिन्यांच्या यादीत आहे हे खरे, पण त्याच कलमात पुढे असे एक वाक्य असते की, तो आजार आधीपासूनचाही असेल तर दोन प्रतीक्षाकाळांपैकी जो मोठा असेल तो लागू होईल. लोक हे वाक्य वाचत नाहीत. जून २०२२ ची चिठ्ठी विमा सुरू होण्याच्या पंधरा-सोळा महिने आधीची आहे, म्हणजे गुडघ्याची झीज हा आधीपासूनचा आजार ठरतो आणि २४ ऐवजी ३६ महिने लागतात. याचा अर्थ जुनी कंपनी राहिली असती तरीही येत्या ऑक्टोबरात हा दावा मंजूर झाला नसता. तो १ ऑक्टोबर २०२६ पासूनच देय झाला असता.

नव्या कंपनीने सातत्य मान्य केले तर तिच्या ३६ महिन्यांतून झालेले २४ वजा होतात आणि बारा उरतात, म्हणजे तारीख तीच राहते, १ ऑक्टोबर २०२६. सातत्य मान्य केले नाही तर मोजणी १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने सुरू होते आणि तारीख १ ऑक्टोबर २०२८ वर जाते. तुमच्या आईंसाठी भांडण या दोन वर्षांचे आहे.

पीथमपूर_अकाउंट्स

हे वाचून आधी वाईट वाटले, पण आता शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच हे कळले हे बरे झाले. एक विचारतो. विम्याची रक्कम पाच लाख झाली आहे. मग १ ऑक्टोबर २०२६ ला सातत्याच्या जोरावर पूर्ण पाच लाखांपर्यंत मिळेल का? डॉक्टर म्हणतात की डावा गुडघाही वर्षभरात करावा लागेल, म्हणजे दोन्हींचा खर्च मिळून चार लाख ऐंशी हजारांच्या घरात जाईल.

सुदामानगर_काका

नाही. झालेल्या काळाचे श्रेय जुन्या विमा रकमेपुरतेच मिळते. तीन लाखांवर तुमची दोन वर्षे झाली आहेत, वाढलेल्या दोन लाखांवर एक दिवसही झालेला नाही. त्यामुळे वाढीव दोन लाखांना ३६ महिने नव्याने लागतात आणि ते १ ऑक्टोबर २०२८ ला संपतात. २०२६-२७ या एकाच पॉलिसी वर्षात दोन्ही गुडघे केले, तर झिजेपोटी मिळणारी कमाल रक्कम तीन लाखच राहील आणि उरलेले एक लाख ऐंशी हजार तुमच्या खिशातून जातील. एक गुडघा त्या वर्षात आणि दुसरा १ ऑक्टोबर २०२७ नंतरच्या वर्षात केला, तर प्रत्येक वेळी तीन लाख नव्याने उपलब्ध असतील आणि दोन लाख चाळीस हजार त्यात बसतील, अर्थात तोवर पॉलिसी चालू राहिली आणि इतर कुणाच्या आजारपणात ते तीन लाख खर्च झाले नाहीत तर. दुसरा गुडघा कधी करायचा हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचे आहे, विम्याच्या तारखेने नव्हे.

मालकाला वाटत असेल तर वाढीव रकमेवरही अट काढून टाकण्याची मागणी तो करू शकतो. कंपनी देईल की नाही, आणि दिली तर किती पैसे लावेल, हे दाव्यांचा मागचा इतिहास पाहून ठरते.

पलासिया_एजंट

काकांचा मुद्दा मला पटला, पण पूर्ण नाही. आधीपासूनच्या आजारांचे जे प्रमाणित कलम आहे, Excl01 या क्रमांकाचे, त्यातच लिहिलेले असते की व्यक्ती खंड न पडता विमा संरक्षणात असेल तर प्रतीक्षाकाळ तेवढ्या प्रमाणात कमी होईल. गट पॉलिसीतही हेच कलम छापलेले मी पाहिले आहे. मग वेगळे लिहून घ्यायची गरजच काय?

सुदामानगर_काका

कलम तेच असते, आणि ते वाचून तुम्ही दावा लढवूही शकता. पण त्या वाक्यात 'पोर्टेबिलिटीच्या नियमांत सांगितल्याप्रमाणे खंड न पडता' अशी शब्दयोजना आहे. दावा आला की कंपनीचा माणूस म्हणतो की, हे पोर्टिंग नव्हते, हा नवा गट आहे, आणि याच कलमातले दुसरे शब्द, आमच्याकडची पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून, बघा. मी दोन्ही बाजूंचे निर्णय पाहिले आहेत. कोणता अर्थ खरा यावर इथे वाद घालण्यापेक्षा पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये एक स्वतंत्र ओळ घालून घेणे स्वस्त पडते, कारण शेड्यूलमधली विशेष अट छापील कलमाच्या वरचढ धरली जाते.

ती ओळ साधारण अशी असावी: 'मागील विमा कंपनीच्या गट पॉलिसीअंतर्गत ज्या सदस्यांना खंड न पडता संरक्षण होते, त्यांना तीस दिवसांच्या, ठरावीक आजारांच्या आणि आधीपासूनच्या आजारांच्या प्रतीक्षाकाळात, सोबतच्या यादीत दाखवलेल्या पहिल्या संरक्षण तारखेपासूनचे श्रेय, मागील विमा रकमेच्या मर्यादेत दिले जाईल.' तिन्ही अटींची नावे घातलेली असली पाहिजेत आणि यादीचा उल्लेख असला पाहिजे. नुसते 'सातत्य लागू' असे दोन शब्द असतील तर ते कशाचे सातत्य, हा प्रश्न उरतोच.

सांवेर_रोड_एचआर

काकांनी यादीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या कारखान्यात मागच्या वर्षी हेच झाले आणि घोळ नेमका यादीत झाला. ब्रोकरने पाठवलेल्या एक्सेलमध्ये अनुक्रमांक, कर्मचारी कोड, नाव, नाते, जन्मतारीख, विमा रक्कम एवढेच रकाने होते. पहिल्या संरक्षणाच्या तारखेचा रकाना नव्हताच, म्हणून नव्या कंपनीच्या प्रणालीत सर्वांची सुरुवात त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून नोंदली गेली. शेड्यूलमध्ये सातत्याची ओळ होती, तरी एका कामगाराच्या वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची कॅशलेस परवानगी नाकारली गेली, कारण टीपीएच्या पडद्यावर त्यांना जेमतेम चार महिने झालेले दिसत होते. शेवटी जुन्या पॉलिसीची सदस्य यादी मेलने पाठवली आणि बिल भरून नंतर परतावा मिळाला, पण त्या बिचाऱ्याला पंच्याहत्तर हजार उसने घ्यावे लागले.

सुदामानगर_काका

अगदी बरोबर, आणि यात उलटी चूकही होते. रकाना आहे म्हणून एचआर त्यात कर्मचाऱ्याची नोकरीवर रुजू झाल्याची तारीख टाकून देते. कामगार २०१६ साली लागला, आई विम्यात २०२३ साली आली, आणि यादीत आईच्या नावापुढे २०१६ लिहिले गेले. मग दाव्याच्या वेळी कंपनी जुन्या पॉलिसीची प्रत मागते, तारखा जुळत नाहीत आणि चुकीची माहिती दिली असा शेरा बसतो. प्रत्येक सदस्यापुढे त्या सदस्याची स्वतःची विमा सुरू झाल्याची तारीख हवी. वर्षाच्या मधेच ज्यांची नावे घातली गेली, त्यांची तारीख जुन्या पॉलिसीच्या एंडोर्समेंटवर, म्हणजे नंतर जोडलेल्या बदलाच्या पत्रावर सापडते, मूळ यादीत नाही.

पीथमपूर_अकाउंट्स

ताई, तुमचे वाचून लगेच आमची एक्सेल उघडली. तुम्ही लिहिले तेच सहा रकाने आहेत, एकही जास्त नाही. त्यात आमच्या स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्याचे वडील आहेत, त्यांचे नाव १० फेब्रुवारी २०२४ च्या एंडोर्समेंटने घातले होते. त्यांच्या मोतीबिंदूसाठी २४ महिने १० फेब्रुवारी २०२६ ला पूर्ण होतील असे मी धरतो. बरोबर ना?

सुदामानगर_काका

बरोबर, ९ फेब्रुवारीपर्यंत थांबायचे, १० पासून देय. आणि मोतीबिंदूचा त्यांचाही २०२४ पूर्वीचा काही कागद असेल, तर आईंचाच नियम त्यांना लागेल.

तिलकनगर_मावशी

माझा प्रश्न यातलाच आहे असे समजून विचारते. माझे यजमान येत्या नोव्हेंबरात निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याही कंपनीची विमा कंपनी १ ऑक्टोबरपासून बदलते आहे. निवृत्तीनंतर गट विमा संपणार. मग त्यांची आठ वर्षे वाया जातील का? आम्हाला पुढे स्वतःची पॉलिसी घ्यायची आहे.

पलासिया_एजंट

मावशी, हा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण तुमच्या बाबतीत तारीख फार महत्त्वाची आहे. गट विम्यातल्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि झालेल्या काळाचे श्रेय सोबत नेता येते. तुमच्या यजमानांची आठ वर्षे सध्याच्या कंपनीकडे झाली आहेत. ३० सप्टेंबरला तो गट तिथून निघाला की त्या कंपनीशी तुमचे नातेच उरत नाही. म्हणून जुन्या कंपनीची पॉलिसी हवी असेल तर अर्ज सप्टेंबरातच करा, निवृत्तीची वाट पाहू नका. कंपनी वैद्यकीय कागद पाहून स्वीकारायचे की नाही ते ठरवेल, तो तिचा अधिकार आहे. सगळी आठ वर्षे एकाच रकमेवर नसतील, तर श्रेयही त्या-त्या रकमेपुरतेच मिळेल.

तिलकनगर_मावशी

म्हणजे दोन महिने दोन्हीकडचे हप्ते भरावे लागतील.

पलासिया_एजंट

हो, तेवढा भुर्दंड आहे.

विजयनगर_स्टार्टअप

माझा समज दुरुस्त झाला, धन्यवाद. आमचा विमाही डिसेंबरात नूतनीकरणाला येतो, म्हणून विचारतो. कुणी २९ सप्टेंबरला दाखल झाले आणि ४ ऑक्टोबरला घरी आले, तर बिल कोणाकडे जाणार?

सुदामानगर_काका

बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याची तारीख ज्या पॉलिसीच्या मुदतीत येते, ती पॉलिसी संपूर्ण दाव्याला जबाबदार असते. म्हणजे जुनी कंपनी. घरी आल्यानंतरची औषधे आणि तपासण्या यांची बिलेही त्याच दाव्याला जोडून जुन्या कंपनीकडेच पाठवायची. ती नव्या टीपीएकडे पाठवली की परत येतात, आणि तोवर जुन्या कंपनीकडे बिले देण्याची मुदत निघून गेलेली असते.

खंडाबद्दलही सांगतो. जुनी पॉलिसी ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री संपते. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता आगाऊ जमा झाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेत नाही. मालकाची सही ३ ऑक्टोबरला झाली आणि पैसे ४ ला गेले, तर मधले दिवस उघडे राहतात, आणि 'खंड न पडता' या शब्दांना तिथेच तडा जातो. पीथमपूरकर, हे लेखा विभागाचे काम आहे, म्हणजे तुमचेच. २५ सप्टेंबरपर्यंत आरटीजीएस करून टाका.

सांवेर_रोड_एचआर

आणि प्रसूतीची नऊ महिन्यांची अट विसरू नका. काकांनी दिलेल्या ओळीत ती नाही. आमच्याकडे तिची वेगळी ओळ घालून घ्यावी लागली होती.

पीथमपूर_अकाउंट्स

सगळ्यांचे आभार. आज काय झाले ते लिहितो. मालकांना हिशेब दाखवला आणि ब्रोकरला मेलने तीन गोष्टी मागितल्या: काकांच्या शब्दांतली ओळ, तीत प्रसूतीच्या अटीची भर, आणि यादीत पहिल्या संरक्षण तारखेचा रकाना. सोबत दोन्ही वर्षांच्या जुन्या पॉलिसी, मूळ यादी आणि चौदा एंडोर्समेंट जोडल्या.

संध्याकाळी उत्तर आले. तीस दिवस, ठरावीक आजार आणि आधीपासूनचे आजार यांचे श्रेय तीन लाखांच्या मर्यादेत द्यायला विमा कंपनी तयार आहे आणि ते शेड्यूलमध्ये छापून येईल. यादीतला रकानाही मान्य झाला. प्रसूतीच्या अटीबद्दल ब्रोकर म्हणतो की ती सवलत असून प्रतीक्षाकाळ नव्हे, म्हणून तिचे श्रेय देता येत नाही. आमच्याकडच्या एका मुलाची पत्नी मे महिन्यापासून यादीत आहे आणि फेब्रुवारीत बाळंत होणार आहे. जुन्या मोजणीने तिचे नऊ महिने तोवर पूर्ण होतात, नव्याने मोजले तर होत नाहीत.

सांवेर_रोड_एचआर

आमच्याकडेही पहिले उत्तर हेच होते. आमच्या मालकांनी नूतनीकरण दोन दिवस रोखून धरले तेव्हा ओळ मिळाली. हप्ता भरेपर्यंतच तुमचे म्हणणे कुणी ऐकते.

सुदामानगर_काका

ब्रोकरला विचारा की हे उत्तर विमा कंपनीच्या अंडररायटरचे, म्हणजे जोखीम पाहून अटी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे की त्याचे स्वतःचे, आणि अंडररायटरचे असेल तर मेल पुढे पाठवायला सांगा. नऊ महिने थांबायला लावणारी अट ही काळाला बांधलेली अटच आहे, तेव्हा तिला प्रतीक्षाकाळ न म्हणणे मला पटत नाही. पण करारात नसेल तर दाव्याच्या वेळी ते सिद्ध करायला आधी विमा कंपनीचा तक्रार विभाग, मग बीमा भरोसा पोर्टल आणि शेवटी भोपाळचे विमा लोकपाल, एवढा प्रवास आहे. लोकपालांकडे गट विम्याच्या तक्रारीही चालतात, पण बाळ तेवढे थांबणार नाही.

पीथमपूर_अकाउंट्स

विचारले आहे. २२ तारखेपर्यंत अंडररायटरचा मेल आला नाही, तर प्रसूतीपुरती सवलत पहिल्या दिवसापासून घेऊन तिचे वेगळे पैसे किती लागतात, ते कोटेशन मागवा असे मालकांनी सांगितले आहे. उत्तर आले की इथेच लिहितो.